‘सर, तुम्ही थांबलात’ हे इंग्रजीत कसं सांगायचं?

*मी तालुक्याच्या गावातल्या कॉलेजात टी.वाय.बी.एस्सी.ला आहे. केमिस्ट्री घेतलंय. दहावीपर्यंत शाळा मराठी माध्यमाची. बारा दिवसांनी आमचा निरोप समारंभ आहे आणि टी.वाय.तर्फे मला इंग्रजीत तीन मिनिटं बोलायचंय. मी आधी मराठीत लिहिलं, मग डिक्शनरी घेऊन भाषांतर केलं. मैत्रीण म्हणाली, निबंध वाचल्यासारखं वाटतंय. सर म्हणाले, इंग्रजीतच विचार करायला शीक. मला तर मराठीतच सुचतं. आणि माझ्याकडे सांगण्यासारखं मोठं काही नाही. एसटी उशिरा यायची म्हणून आमचे सर दहा मिनिटं थांबून शिकवायला सुरुवात करायचे, माझ्या हातून ब्युरेट फुटली तेव्हा लॅबच्या काकांनी आधी माझा हात बघितला, असलंच किरकोळ. मराठीतच बोलू द्या म्हणून सांगू का? मसुदा सोबत पाठवते आहे.*

तुझ्या मसुद्यातलं पहिलं वाक्य आहे: ‘ज्ञानमंदिराच्या या पवित्र वास्तूत आम्हाला घडवणाऱ्या गुरुजनांच्या ऋणातून आम्ही कधीही उतराई होऊ शकणार नाही.’ आणि पत्रात जे तू ‘असलंच किरकोळ’ म्हणून एका ओळीत उरकलंस, ते आहे: एसटी उशिरा यायची म्हणून सर दहा मिनिटं थांबायचे. मला वाचताना दुसऱ्या वाक्यापाशी थांबावंसं वाटलं. तुझ्या कॉलेजात बसलेल्या प्रत्येकालाही तिथेच थांबावंसं वाटेल. म्हणजे तुझं भाषण तुझ्याजवळ आहे, फक्त ते मसुद्याऐवजी पत्रात येऊन पडलंय.

सरांच्या सल्ल्याबद्दल आधी बोलते, कारण तो तुला सगळ्यात जास्त टोचलेला दिसतो. ‘इंग्रजीत विचार कर’ हे सांगणारा माणूस बहुतेक वेळा एवढंच सांगत असतो की, तुझ्या इंग्रजी वाक्याखालची मराठी दिसते आहे. ते निरीक्षण खरं आहे. पण त्यावरचा उपाय बारा दिवसांत होणारा नाही, आणि त्याची गरजही नाही. आपण आठवतो ते त्या त्या प्रसंगाच्या भाषेत. तुझी एसटी, तुझी लॅब, काकांनी हात बघणं हे सगळं मराठीत घडलंय. ते इंग्रजीत आठवायला गेलीस तर आठवणच पुसट होईल, आणि मग तिच्या जागी ‘गोल्डन मेमरीज’ येऊन बसतील. तेव्हा विचार मराठीतच कर. फक्त कोणत्या मराठीत, हा खरा प्रश्न आहे.

आपल्याकडे दोन मराठी असतात. एक एसटीच्या मागच्या सीटवर बोलतो ती. दुसरी, माइकसमोर उभं राहिलं की आपोआप तोंडात येते ती: व्यासपीठ, ज्ञानमंदिर, ऋण, उतराई, जड अंतःकरण. ही दुसरी मराठी आपण शाळेतल्या वक्तृत्वस्पर्धांपासून ऐकत आलोय. मराठीत तिला एक लय आहे, ऐकणाऱ्यांना ती ओळखीची असते, त्यामुळे निभावून जातं. पण तिचं इंग्रजी करायला घेतलंस की हातात काहीच उरत नाही, कारण त्या वाक्यांत कुणी काही केलेलंच नसतं. ऋण असतं, पण ते कशाचं, हे नसतं. तुझं भाषांतर अडलं ते तुझ्या इंग्रजीमुळे नव्हे. ते मूळ मराठी वाक्यच दुसऱ्या कुठल्या भाषेत जाण्यासारखं नव्हतं.

मी हे इतक्या खात्रीने सांगते कारण मी ते भोगलंय. आमच्या वेळी मराठी शाळेत इंग्रजी पाचवीपासून असायचं. (राज्यात ते पहिलीपासून सुरू झालं 2000 सालात, म्हणजे तुझ्या पिढीला ते आमच्यापेक्षा चार वर्षं आधीपासून भेटलंय, पण बहुतेकांना पुस्तकातूनच.) माझ्या निरोप समारंभात मी असंच भारदस्त भाषण पाठ केलं होतं. चौथ्या वाक्यातला एक शब्द सुटला. मी पहिल्यापासून सुरू केलं. पुन्हा त्याच शब्दापाशी अडकले. तिसऱ्यांदा सुरू केलं तेव्हा समोर अगदी शांतता होती, आणि ती दयेची शांतता होती. पाठ केलेलं भाषण साखळीसारखं असतं, एक कडी निखळली की पुढचं सगळं निसटतं. पुढे इंग्रजी शिकवायला लागल्यावर मी माझ्या विद्यार्थ्यांसाठी जी पद्धत शोधत गेले, ती त्या दिवसातूनच आली. तीच तुला सांगते.

आज कागद घेऊच नकोस. तुझ्या त्याच मैत्रिणीला समोर बसव, फोनवर रेकॉर्डिंग सुरू कर आणि तिला एसटीचा किस्सा सांग, जणू तिला तो माहीतच नाही. मग ऐक आणि जे बोललीस तेच उतरवून काढ, सुधारू नकोस. साधारण असं काहीतरी निघेल:

‘एसटी लेट व्हायची ना, मग स्टँडवरून पळत सुटून, घाम पुसत, जिना चढून वर्गात येऊन बघतो तर फळा कोरा ठेवून सर आपले खिडकीशी उभे, आमची वाट बघत.’

किती सुंदर वाक्य आहे हे! मराठीत ते एका दमात जातं, कारण आपल्याकडे ‘सुटून, चढून, येऊन, ठेवून’ अशी ‘ऊन’ची माळ लावता येते आणि मुख्य क्रियापद शेवटी आलं तरी चालतं, नाही आलं तरी चालतं. इंग्रजीला ही माळ पेलत नाही. तिथे कर्ता आला की लगेच क्रियापद लागतं. म्हणून हे वाक्य थेट इंग्रजीत नेलंस तर ‘आफ्टर रनिंग अँड वायपिंग अँड क्लाइंबिंग अँड कमिंग’ असं काहीतरी होतं, आणि ऐकणाऱ्याला शेवटपर्यंत कळत नाही की केलं काय आणि कुणी.

म्हणून इंग्रजीकडे जाण्याआधी मध्ये एक थांबा घे. त्याच मराठीचे तुकडे कर, एका तुकड्यात एकच क्रियापद, आणि प्रत्येक तुकड्याला त्याचा कर्ता दे:

‘एसटी बऱ्याचदा उशिरा यायची. आम्ही स्टँडवरून पळायचो. आम्ही वर्गात पोचायचो. फळा अजून कोरा असायचा. सर आमची वाट बघत असायचे.’

ही मराठी थोडी तुटक वाटेल. वाटू दे, ती कुणाला ऐकवायची नाही. पण आता प्रत्येक तुकड्याचं इंग्रजी तुला आधीपासूनच येतंय, डिक्शनरी लागत नाही: ‘द बस वॉज ऑफन लेट. वी रॅन फ्रॉम द स्टँड. व्हेन वी रीच्ड द क्लास, द बोर्ड वॉज स्टिल ब्लँक. सर वॉज वेटिंग फॉर अस.’ यातला एकही शब्द आठवीच्या पुस्तकाबाहेरचा नाही. ही इंग्रजी वाक्यं मी मुद्दाम देवनागरीत लिहितेय. तुला हे बोलायचंय, तपासायला द्यायचं नाहीये, आणि देवनागरीत लिहिलं की डोळ्यांना भारी दिसणारा शब्द कानावर कसा पडेल हे लगेच समजतं. घरच्या सरावाचा पहिला कागद तूही असाच लिही.

आता ते ऋण. ते टाकून द्यायचं नाही, कारण ती भावना खरी आहे. पण असा मोठा शब्द भेटला की स्वतःला विचारायचं: म्हणजे नेमकं काय झालं? सरांचं ऋण म्हणजे काय? ते थांबले. त्यांना कुणी थांबायला सांगितलं होतं का? नाही. वेळापत्रकात तास सव्वासातला असेल तर सव्वासातला सुरू करणं चूक ठरलं नसतं. मग मराठीत वाक्य झालं: ‘सर, तुम्हाला थांबायची गरज नव्हती. तुम्ही थांबलात.’ आणि इंग्रजीत: ‘सर, यू डिड नॉट हॅव टु वेट. यू वेटेड.’

हे वाक्य मोठ्याने म्हणून बघ. मराठी वाक्याचा सगळा भार शेवटच्या क्रियापदावर असतो, ‘थांबलात’वर. इंग्रजीत क्रियापद एरवी मध्ये अडकतं आणि शेवटाला भलतंच काही येतं, त्यामुळे आपल्या जिभेला वाक्य उतरल्यासारखं वाटत नाही. पण ‘यू वेटेड’ इतकं छोटं आहे की क्रियापद शेवटीच येतं. तुला मराठीत जिथे आवाज खाली आणावासा वाटतो, तिथेच इंग्रजीतही येईल. भाषणात महत्त्वाची जी दोन-तीन वाक्यं असतील ती अशीच छोटी ठेव, कर्ता आणि क्रियापद, संपलं.

जे शब्द या प्रश्नालाही उत्तर देत नाहीत, त्यांना जाऊ दे. ‘ज्ञानमंदिर’ म्हणजे काय झालं? काहीच नाही. ‘मनोगतातले दोन शब्द’ म्हणून ‘टू वर्ड्स’ म्हणशील तर ऐकणारा खरंच दोन मोजेल. इंग्रजीत तिथे ‘अ फ्यू वर्ड्स’ म्हणतात. पण तेही नको, सरळ बोलायलाच लाग.

तुझ्या मसुद्यात तीन चुका अशा आहेत ज्या मराठीतून येणाऱ्या जवळजवळ सगळ्यांच्या होतात, म्हणून त्या इथेच सांगून टाकते. ‘मी तीन वर्षं इथे शिकतेय’ याचं आपण ‘आय ॲम स्टडिइंग हिअर सिन्स थ्री इयर्स’ करतो, कारण मराठीत क्रियापद वर्तमानात आहे. इंग्रजीत ते ‘आय हॅव स्टडीड हिअर फॉर थ्री इयर्स’ असं होतं. किती काळ, हे सांगताना ‘फॉर’, आणि केव्हापासून, हे सांगताना ‘सिन्स’. निरोपाच्या भाषणात हे वाक्य आल्याशिवाय राहत नाही, तेव्हा एवढं एक घोकूनच ठेव. दुसरी चूक आदरातून येते. ‘सर आले होते’ म्हणताना आपण आदरार्थी अनेकवचन करतो आणि मग इंग्रजीतही ‘सर वेअर वेटिंग’ लिहून जातो. इंग्रजीत आदर ‘सर’ या शब्दातच आला, क्रियापद एकवचनीच राहतं: ‘सर वॉज’. तिसरी म्हणजे ‘यायचो, थांबायचे, सांगायच्या’ ही रोजची क्रिया. तिच्यासाठी तू ‘वॉज वेटिंग डेली’ लिहिलंस. साधा भूतकाळ घे आणि रोजचेपणा वेगळ्या शब्दाने दाखव, ‘ऑफन’, ‘एव्हरी मॉर्निंग’. ‘अ’ आणि ‘द’ची चिंता मात्र फार करू नकोस. मराठीत ती भानगडच नाही, त्यामुळे एखादं सुटेल. बोलण्याच्या ओघात ते कुणाच्या कानाला लागत नाही.

आता लांबी. तुझा मसुदा मी मोजला, चारशेच्या वर शब्द आहेत. नीट ऐकू येईल असं इंग्रजी बोलताना आपला वेग मिनिटाला शंभर शब्दांच्या आसपास पडतो. म्हणजे तीन मिनिटांत तीनशे, आणि त्यातून टाळ्या, हशा, श्वास, पाणी वजा करायचं. दोनशे-सव्वादोनशेच्या पुढे लिहूच नकोस. जास्त लिहिलंस की घड्याळाच्या धाकाने तू धावशील, आणि धावताना सगळ्यात आधी तोंडातली शेवटची अक्षरं गळतात. ‘वेटेड’चं ‘वेट’ होतं, आणि सरांना ‘तुम्ही थांबलात’ ऐवजी ‘तुम्ही थांबा’ असं ऐकू जातं.

तू पाठवलेल्या तपशिलांवरून मी एक नमुना करून बघितला. गावाचं अंतर आणि मुलांचा आकडा माझ्या मनाचा आहे, तिथे तुझा घाल. लॅबमधला परिच्छेदही मी कल्पनेने भरलाय, कारण टायट्रेशनमध्ये हात पहिल्या वर्षी सगळ्यांचाच चुकतो. तुझं काही वेगळं झालं असेल तर ते लिही, माझं पुसून टाक.

‘रिस्पेक्टेड प्रिन्सिपल सर, टीचर्स अँड फ्रेंड्स, गुड मॉर्निंग.

आय कम फ्रॉम अ व्हिलेज ट्वेंटी किलोमीटर्स अवे. टेन ऑफ अस कम बाय द सेम एसटी. द बस वॉज ऑफन लेट. वी रॅन फ्रॉम द स्टँड. व्हेन वी रीच्ड द क्लास, द बोर्ड वॉज स्टिल ब्लँक. सर वॉज वेटिंग फॉर अस. सर, यू डिड नॉट हॅव टु वेट. यू वेटेड.

इन द लॅब, आय हॅड टु लर्न टु वेट. इन अ टायट्रेशन, वन ड्रॉप टर्न्स द फ्लास्क लाइट पिंक. यू मस्ट स्टॉप देअर. इन माय फर्स्ट इयर आय नेव्हर स्टॉप्ड. माय फ्लास्क वॉज ऑलवेज डार्क पिंक. मॅडम लुक्ड ॲट इट अँड सेड, डू इट अगेन. आय डिड इट अगेन, मेनी टाइम्स. नाऊ आय नो व्हेन टु स्टॉप.

फ्रेंड्स, आय हॅव स्टडीड हिअर फॉर थ्री इयर्स, अँड आय हॅव नेव्हर ओपन्ड माय टिफिन अलोन. थँक यू फॉर दॅट.

टु अवर ज्युनियर्स: थँक यू फॉर दिस मॉर्निंग. प्लीज कीप द लास्ट बेंच फ्री फॉर द एसटी स्टुडंट्स. दे आर कमिंग. द बस इज लेट.

माय लास्ट थँक यू इज फॉर काका इन अवर लॅब. आय विल से इट इन मराठी. काका, माझ्या हातून ब्युरेट फुटली तेव्हा तुम्ही आधी माझा हात बघितलात, मग काच. ते मी विसरणार नाही. थँक यू.’

एवढंच. दोनशेच्या आसपास शब्द. सावकाश बोललीस तर अडीच मिनिटं. सुरुवातीला ‘डिग्निटरीज ऑन द डायस’ची नावानिशी यादी मी गाळलीय. ती यादी सूत्रसंचालन करणारी व्यक्ती आणि प्रास्ताविक करणारे दोघंही म्हणणार असतात. तरी एकदा विचारून घे. पाहुण्यांचं नाव घेणं तुमच्याकडे आवश्यक असेल तर एका वाक्यात घे, आणि त्यांचा उच्चार आदल्या दिवशी कुणाकडून तरी पक्का करून घे.

हे लिहून झालं की ते तुझ्या इंग्रजीच्या सरांना रोमन लिपीत नीट लिहून दाखव. पण त्यांना सांग, ‘सर, फक्त चूक असेल ती दुरुस्त करा, वाक्य वाढवू नका.’ हे नम्रपणे, पण स्पष्ट सांगावं लागतं. माया असलेला माणूस हाती पेन आलं की ‘टेंपल ऑफ नॉलेज’ परत आणून ठेवतो. त्यात त्यांचा प्रेमाचाच भाग असतो, पण मग ते बोलणं तुझं राहत नाही, आणि मैत्रिणीला पुन्हा निबंध ऐकू येतो.

व्यासपीठावर नेण्यासाठी एकच पोस्टकार्डाएवढा कागद घे आणि त्यावर सहा शब्द लिही, मराठीत: एसटी, फळा, गुलाबी, डबा, बाक, काका. तुला इंग्रजी वाक्यं लक्षात ठेवायची नाहीयेत. तुला चित्रं लक्षात ठेवायचीत, आणि ती मराठीत पक्की आहेत. ‘फळा’ वाचलास की कोरा फळा दिसेल, तो दिसला की जे इंग्रजी तोंडात येईल ते बोल. एखादा शब्द वेगळा आला, ‘ब्लँक’ऐवजी ‘एम्प्टी’ आला, तरी काही बिघडत नाही, कारण कडी निखळायला इथे साखळीच नाही. फक्त ‘यू डिड नॉट हॅव टु वेट’ आणि ‘आय हॅव स्टडीड हिअर’ ही दोन वाक्यं जशीच्या तशी पाठ कर. सराव रोज तीनदा, उभं राहून, आणि दर वेळी कार्डावरून. पद्धत जमली की नाही हे कळायची खूण अशी: पाचव्या-सहाव्या दिवशी तुझी दोन वेळची रेकॉर्डिंग लागोपाठ ऐक. दोन्हींत शब्द थोडे वेगळे असतील तर जमतंय. तंतोतंत सारखे असतील तर तू पुन्हा पाठांतराकडे वळलीयस, मग कार्डावरच्या शब्दांचा क्रम एक दिवस बदलून बोलून बघ.

उच्चारांत एकच गोष्ट सांभाळ, बाकी सोडून दे. आपल्या ‘व’मध्ये इंग्रजीचे दोन आवाज मिसळतात, आणि तुझ्या भाषणात ‘वी’, ‘वॉज’, ‘वेट’ सारखे येतात. या शब्दांना ओठ गोल कर, जसे शीळ घालताना होतात, आणि दात खालच्या ओठाला लागू देऊ नकोस. ‘व्हिलेज’ला मात्र वरचे दात खालच्या ओठाला टेकू दे. माइक तोंडापासून वीतभर अंतरावर आणि जरा खाली ठेव, म्हणजे ‘प्लीज’ आणि ‘पिंक’मधला ‘प’ फटाक्यासारखा वाजणार नाही.

तुझ्यासारखंच भाषण ज्यांना करायचंय पण ज्यांच्याकडे ना एसटी आहे ना लॅब, त्यांनी स्वतःला एक प्रश्न विचारावा: कॉलेजात माझ्यासाठी कुणी असं काय केलं, जे करणं त्याचं काम नव्हतं? कॉमर्सच्या मुलाला कदाचित ऑफिसातले क्लार्क आठवतील, ज्यांनी परीक्षेचा फॉर्म शेवटच्या दिवशी खिडकी बंद झाल्यावर घेतला. हॉस्टेलच्या मुलीला मेसवाल्या मावशी आठवतील. उत्तर मराठीत येऊ दे, तुकडे मराठीत कर, मग पलीकडे जा. मात्र ही पद्धत आभारप्रदर्शनाला लावू नका. तिथे नावं, पदं, क्रम हेच काम असतं, आणि ते ठरलेल्या साच्यातच नीट होतं.

राहता राहिला तुझा शेवटचा प्रश्न, मराठीतच बोलू का? बोललीस तर त्यात कमीपणा काहीच नाही, आणि तुझ्या मनात इंग्रजीबद्दल फक्त धसका असेल तर सरांना तसं सांग, ते ऐकतील. पण डिक्शनरी घेऊन चारशे शब्द उतरवायला तुला कुणी सांगितलं नव्हतं. ते तू केलंस, म्हणजे तुला हे करून बघायचं आहे असं मला वाटतं. कदाचित पुढे मुलाखतीला बसशील तेव्हा तीन मिनिटं इंग्रजीत उभं राहिल्याची आठवण तुझ्याजवळ असावी, असं तुझ्या मनात असेल. तर इंग्रजीतच कर. नमुन्यात काकांचे आभार मी मराठीत ठेवलेत ते सोय म्हणून नाही. ज्याचे आभार मानायचे, त्याला ते कळले पाहिजेत. सरांना इंग्रजी कळतं, मॅडमना कळतं, म्हणून त्यांचे इंग्रजीत. ‘काका’चं ‘अंकल’ही करू नकोस, सगळं सभागृह त्यांना काकाच म्हणतं.

आणि एक काम आदल्या दिवशी नक्की कर. अशा कार्यक्रमांत लॅबचे काका बहुतेक वेळा बाहेर चहाच्या किटलीपाशी किंवा मागे खुर्च्या लावत असतात. कारण सांगू नकोस, पण त्यांना सांगून ठेव, ‘काका, उद्या मी बोलायला उभी राहीन तेव्हा आत येऊन बसा.’ तुझ्या आधी बोलणारा उठला की तुझ्या त्या मैत्रिणीला दाराकडे बघायला सांग, ते आले नसतील तर तिने जाऊन त्यांना घेऊन यावं.